टिकते, पण विजेचा हिशेब बघा

«एडिसनची निकेल-लोह बॅटरी चाळीस वर्षं चालते म्हणतात, मग कंपन्यांनी मुद्दाम बंद पाडली का?»

नाही हो, कटबिट काही नाही. ती टिकते कारण तिच्यातलं लोखंड कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात जवळजवळ विरघळतच नाही. चार्ज-डिस्चार्ज होताना पदार्थ जागच्या जागी बदलतो, त्यामुळे पट्ट्यांचा आकार बिघडत नाही. लेड-ॲसिडमध्ये पट्ट्या गंजतात, झडतात. डिस्चार्ज करून तशीच ठेवली की सल्फेट कडक होऊन बसतं. निकेल-लोह बॅटरी मात्र पूर्ण रिकामी करून ठेवा, फारसं बिघडत नाही.

पण न विरघळण्याच्या याच गुणामुळे क्रिया संथ होते. एकदम मोठा करंट लागला की व्होल्टेज बसतं, थंडीत तर जास्तच. मोटारीच्या स्टार्टरला ती चालली नाही ती म्हणूनच.

दुसरी अडचण म्हणजे लोखंड चार्ज होताना बरीच वीज पाणी फोडण्यात जाते. सोलरच्या दहा युनिटमधले ढोबळमानाने सहा-सात परत मिळतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत नऊच्या वर. शिवाय हायड्रोजन निघतो म्हणून खोली हवेशीर हवी, आणि डिस्टिल्ड वॉटर सतत घालत राहायचं. नुसती ठेवली तरी महिन्यात पाचवा हिस्सा किंवा जास्त चार्ज उडतो. बरं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून द्रावणही खराब होतं. क्षमता उतरली की लोक सेल मेला समजतात. बरेचदा द्रावण बदललं की तो पुन्हा उभा राहतो.

अमेरिकेत एक्साइडने 1975 मध्ये उत्पादन थांबवलं. तोवर गिऱ्हाईक फारसं उरलं नव्हतं.