सोफ्यावरून टीव्हीवर एकदा पासवर्ड टाकून दाखवाच

काल रात्रीची गोष्ट. टीव्हीलाच मॉनिटर करून जोडलेल्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम टाकायचा होता, त्याने मध्येच पासवर्ड मागितला. मांडीवर वायरलेस कीबोर्ड, समोर तीन मीटरवर ५५ इंची टीव्ही. पासवर्ड टाकला, एंटर मारला. खिडकीत खाली लाल रंगाचं काहीतरी उमटलं. काहीतरीच! तीन मीटरवरून ते वाक्य आहे की टीव्हीच्या काचेला लागलेला डाग, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. उठा, टीव्हीला नाक लावा, वाचा: पासवर्ड चुकीचा. पुन्हा बसा, पुन्हा टाका, पुन्हा लाल डाग.

पासवर्ड बरोबर होता हो! पहिलं अक्षर कीबोर्डने गिळलं होतं. आणि गिळलेलं दिसणार कसं, तर ठिपके मोजून. ते ठिपके तीन मीटरवरून मोजू शकणारा माणूस गरुडाच्या वंशातला असणार.

एका चिमुकल्या खिडकीत तीन वेगवेगळ्या नालायक्या एकत्र नांदत होत्या. तिघींचा वेगवेगळा पंचनामा करतो, कारण लोक सगळ्याचं खापर टीव्हीवर फोडतात आणि आणखी मोठा टीव्ही घेऊन येतात.

आधी अक्षरं. टेबलावरचा २४ इंची फुल एचडी मॉनिटर आपण साधारण ६० सेंटिमीटरवरून बघतो. त्यावर एक पिक्सेल ०.२८ मिलिमीटरचा, म्हणजे नऊ पिक्सेल उंचीचं कॅपिटल अक्षर अडीच मिलिमीटर भरतं. सोफा तीन मीटरवर, पाचपट लांब. तेव्हा डोळ्याला तेवढंच मोठं दिसायला ते अक्षर साडेबारा मिलिमीटर हवं. आता ५५ इंची फोरके टीव्हीचा पिक्सेल भरतो ०.३२ मिलिमीटर. स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं किती मोठं करून दाखवायचं तो आकडा, १०० टक्के ठेवलं तर तेच नऊ पिक्सेलचं अक्षर जेमतेम २.९ मिलिमीटर. हवं साडेबारा, मिळतं तीनलाही कमी! बरोबरी करायची तर स्केलिंग साधारण ४४० टक्के लागतं. विंडोजमध्ये Settings > System > Display > Scale इथे अशा टीव्हीला बहुतेकदा ३०० टक्के सुचवलेले असतात. ते घेतले की अक्षर साडेआठ मिलिमीटर होतं. वाचता येतं, पण तासाभराने कपाळ दुखायला लागतं.

मग लगेच ४४० का टाकत नाही? टाका की. कस्टम स्केलिंगमध्ये ५०० पर्यंत जाता येतं, साइन आउट करून परत यावं लागतं एवढंच. पण ३०० टक्क्यांवरच ३८४० बाय २१६० चा तो अवाढव्य पडदा प्रोग्रामांच्या लेखी १२८० बाय ७२० उरतो. पुढे गेलात की खिडक्यांचं बूड पडद्याखाली जातं आणि ओकेचं बटण त्या बुडातच असतं. ते आंधळेपणाने टॅब मारत शोधायचं आणि स्पेस दाबायचा. म्हणून सिस्टिम ३०० वर ठेवावी आणि ब्राउझरचा मूळ झूम १५० टक्के करावा. गुणाकाराने ४५० होतात, वाचायचं सगळं ऐसपैस दिसतं आणि खिडक्याही पडद्यात मावतात. काही साइट्स मात्र यावर आपल्याला मोबाइल समजून तीन रेघांचा मेनू दाखवतात. ५५ इंची मोबाइल! असो. मेनू आणि फोल्डरांची नावं तरी बारीक वाटली तर Settings > Accessibility > Text size मधली पट्टी थोडी सरकवा. ती फक्त मजकूर वाढवते.

आणि ते सल्लागार. "६५ इंची घे ना." अहो, ५५ वरून ६५ ला गेल्यावर अक्षर वाढतं १८ टक्के. सोफा तीन मीटरवरून अडीचवर ओढला तर वाढतं २० टक्के, फुकटात! दुसरा शहाणा म्हणतो रिझोल्यूशन १०८० वर आण. म्हणजे अक्षरं दुप्पट होतील खरी, पण ते चित्र ताणण्याचं काम टीव्ही करणार आणि कडा पुसट करून देणार. तेही करून मॉनिटरच्या निम्म्यालासुद्धा पोचत नाहीच. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे.

आता कालची ती खिडकी. बाकी सगळं ३०० टक्क्यांवर नीट दिसत असताना हिचीच अक्षरं तीन मिलिमीटरची का? ज्या जुन्या प्रोग्रामाला स्केलिंग कळत नाही, त्याला विंडोज स्वतः ताणून मोठं करतं. धुरकट दिसतो, पण दिसतो. खरे चोर ते, जे विंडोजला छातीठोकपणे सांगतात की स्केलिंगचं आमचं आम्ही बघू, आणि मग काहीच बघत नाहीत. विंडोज बिचारं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून हात बाजूला घेतं. इलाज आहे, फक्त तो कुणाला सापडू नये अशा जागी पुरून ठेवलाय. त्या फाइलवर राइट क्लिक, Properties, मग Compatibility, मग Change high DPI settings. तिथे सगळ्यात खाली Override high DPI scaling behavior वर टिक करून खालच्या यादीतून System (Enhanced) निवडा. खिडकी वाढलीच नाही किंवा अर्धीमुर्धी वाढून वेडीवाकडी झाली तर System निवडा, धुरकट का होईना, सोफ्यावरून वाचता येईल. लॅपटॉप जोडला असेल तर आणखी एक मेख: कित्येक प्रोग्राम साइन इन करताना जो मुख्य पडदा असेल त्याचंच स्केलिंग धरून बसतात. तेव्हा टीव्हीला मुख्य पडदा करा आणि एकदा साइन आउट करून परत या.

आता तो लाल डाग. काळ्यावर पांढरं ठसठशीत, पांढऱ्यावर काळं ठसठशीत, आणि काळपट पार्श्वभूमीवर लाल आलं की लगदा. टीव्ही सिनेमासाठी जन्माला आलेला असतो. चित्राचा उजेड तो प्रत्येक पिक्सेलचा वेगळा ठेवतो, पण रंग चार-चार पिक्सेलमध्ये वाटून देतो. सिनेमात कळतसुद्धा नाही. दोन पिक्सेल जाडीच्या लाल अक्षराची मात्र त्यात पार वाट लागते. आणि चुकांचे संदेश कोणत्या रंगात देतात? लाल! म्हणजे जे वाचणं सगळ्यात गरजेचं, तेच नेमकं फासलेलं.

यासाठी टीव्हीच्या मेनूत ज्या एचडीएमआय पोर्टला कॉम्प्युटर जोडलाय त्याला PC असं नाव किंवा चिन्ह द्यायचं. बऱ्याच टीव्हींवर नुसतं ते नाव दिल्यावर रंगांची वाटावाटी थांबते. नावाने चित्र बदलतं, हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे! सोबत त्याच पोर्टचं जास्त बँडविड्थचं सेटिंगही चालू करा, कारण फोरके, ६० हर्ट्झ आणि पूर्ण रंग एकत्र यायला एचडीएमआय २.० लागतं. नाहीतर एक तर रंग कापले जातात किंवा ३० हर्ट्झ मिळतात आणि माउसचा बाण चिखलातून चालतो. Settings > System > Display > Advanced display मध्ये काय चाललंय ते लिहिलेलं असतं: Color format पुढे RGB किंवा YCbCr444 हवं. 420 दिसलं तर अजून काहीतरी अडलंय. आणि RGB दिसूनही लाल फासलेलंच असेल, तर दोष टीव्हीच्या पोटात आहे आणि PC हे नाव द्यायचं राहिलंय.

हे सगळं सरळ झालं तरी कीबोर्ड आहेच.

वायरलेस कीबोर्ड बॅटरी वाचवायला काही मिनिटांत झोपतो. पहिली की दाबली की जागा होतो, आणि पुष्कळ कीबोर्ड ती पहिली की जागं होण्याच्या नादात हरवतात. साध्या मजकुरात कळतं, ठिपक्यांमध्ये नाही. म्हणून पासवर्डच्या आधी शिफ्ट दोनदा नुसती दाबायची, मग टाइप करायचं. कीबोर्डला जागं करायला खांद्यावर थोपटल्यासारखं. चाळीस किलोबाइटचा मजकूर लिहायला बसलो असतो तर एक वेळ ठीक, इथे आठ अक्षरांसाठी याची मनधरणी!

पण मधली अक्षरं गळत असतील, किंवा एकच अक्षर ओळभर धावत सुटत असेल (की सोडल्याचा संदेश हरवला की असं होतं), तर तो झोपेचा प्रकार नव्हे. तो डोंगलच्या, म्हणजे कीबोर्डचे संदेश पकडणाऱ्या यूएसबीतल्या खुंटीच्या, जागेचा दोष. कॉम्प्युटर टीव्हीच्या मागे, डोंगल त्याच्याही मागच्या पोर्टात, आणि मध्ये टीव्हीचा सगळा पत्रा. त्यात शेजारच्या निळ्या पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३.० चालू असताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतं, आणि डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने हे २०१२ मध्येच मोजून छापलंय. तरी डब्यावर लिहिलेलं असतं: रेंज १० मीटर. कुठे, मोकळ्या माळरानावर?

तपासणं सोपं आहे. नोटपॅड उघडा, अक्षरं मोठी करा, हार्ड डिस्कवर मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि टाइप करत राहा. कॉपी चालू असतानाच अक्षरं गळत असतील तर चोर सापडला. उपाय म्हणजे मीटर-दीड मीटरची साधी यूएसबी २.० एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल टीव्हीच्या पुढे, सोफ्याला दिसेल असा आणून ठेवायचा. होय, वायरलेस कीबोर्ड नीट चालायला वायर लागते. हसा, मीही हसलो. ब्लूटूथवाल्यांनी जास्त हसू नये, त्यांचा कीबोर्ड विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसमध्ये बहुधा चालतच नाही, तिथे वायरवालाच शोधत फिरायचं.

माउसचा बाण हरवतो हे वेगळंच दुखणं. माउसच्या जुन्या सेटिंगांत, Pointer Options मध्ये कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळं दाखवायची सोय आहे, ती चालू करून टाका. टचपॅड जोडलेल्या कीबोर्डांबद्दल बोलतच नाही, माझा रक्तदाब आधीच वर आहे. ज्याने मांडीवरच्या कीबोर्डला नेमक्या अंगठ्याखाली टचपॅड दिला आणि कॅप्स लॉकचा दिवा मात्र बॅटरी वाचवायला काढून टाकला, त्याला एकदा त्याच कीबोर्डवरून, दिवे घालवून, बँकेचा पासवर्ड टाकायला लावा.