क्वार्टर पचते, म्हणजे नेमकं काय होतं?

प्रतिक्रिया: «डॉक्टर, कपॅसिटी वाढणं हे चांगलं लक्षण नाही, हा तुमचा लेख वाचला, पटला नाही. 15 वर्षं घेतोय. आधी नाइंटीतच विमान व्हायचं, आता क्वार्टर झाली तरी गाडी सरळ घरी येते. मग शरीर पक्कं झालं की बिघडलं? दोन पेगात लोळणाऱ्यांना सांगा हे सगळं. मला एकदाच चढली, मेव्हण्याच्या लग्नात लातूरला. तीही रोजचीच क्वार्टर होती, पण माल भेसळीचा असणार.»

मालक, स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. बहुतेक जण हे मनात ठेवतात आणि तपासायला आले की «कधीतरी, कंपनी असली तर» एवढंच सांगतात.

आधी गाडीचं बघू. क्वार्टर म्हणजे 180 मिली. व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल धरलं, तर तुमच्या पोटात साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. 70 किलोच्या माणसाने ते आठ ते दहा या वेळात संपवलं, तर दहा वाजता त्याच्या 100 मिली रक्तात अंदाजे 95 मिलिग्रॅम अल्कोहोल असतं. कायद्याची मर्यादा 30 आहे. यकृत तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं. रोज पिणाऱ्याचं यकृत थोडं जलद चालतं हे खरं. तुमचं 20 ने उतरवतं असं धरू. तरी दहा वाजता आकडा 85 च्या आसपास येतो. म्हणजे गाडी सरळ येते तेव्हाही रक्त जवळपास तिप्पटच सांगत असतं. यकृत फार तर थोडा भार उचलतं. बाकी सगळा बदल मेंदूत झालेला असतो.

मेंदूत पेशींना शांत करणारा एक निरोप्या असतो, गाबा. पेशींना जागं ठेवणारा दुसरा, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते, म्हणून पहिल्या नाइंटीत अंग सैल पडतं, जीभ जड होते. रोज संध्याकाळी हेच होऊ लागलं की मेंदू हिशेब बदलतो. गाबाचा निरोप घेणारी केंद्रं मंदावतात, काही पेशीच्या आत ओढली जातात. ग्लुटामेटची केंद्रं वाढतात. दाराला बाहेरून कोणी रेटत असेल तर आतला माणूसही तेवढ्याच जोराने रेटतो, तसं हे. दार जागचं हलत नाही आणि आपल्याला वाटतं, काही झालंच नाही. म्हणून नाइंटीची क्वार्टर होते. पण दाराच्या दोन्ही बाजूंनी जोर लागलेला असतो.

आता लातूरचं. भेसळीत मिथेनॉल असतं तर नुसती जास्त चढली नसती. काही तासांनी, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी, पोटात कळा आल्या असत्या, डोळ्यांपुढे धुकं आलं असतं. त्याच क्वार्टरला जास्त चढण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. मेंदूची ही तयारी जागेलाही बांधलेली असते. रोजचं टेबल, रोजची वेळ, तोच चकणा, तेच दोस्त हे समोर आलं की पहिला घोट जाण्याआधीच मेंदू उलटा जोर लावायला लागतो. लग्नाच्या मांडवामागे यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे तयारी अपुरी पडली. माणसांवर आणि प्राण्यांवर हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तुमची कपॅसिटी म्हणजे शरीराचा कायमचा पक्केपणा असता, तर ती तुमच्याबरोबर लातूरला आली असती.

दोन पेगात लोळणाऱ्याची मला कमी काळजी वाटते, कारण त्याला त्याचं शरीर थांबवतं. अमेरिकेत सॅन डिएगोला मार्क शुकिट यांनी विशीतल्या मुलांना मोजून दारू दिली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना त्या मापात कमी चढली, त्यांच्यात पुढे व्यसनाचं प्रमाण जास्त निघालं. शिवाय न चढण्याची सवय मेंदूला लागते, यकृताला आणि स्वादुपिंडाला नाही. ग्रॅम दुप्पट झाले की त्यांच्या वाट्याला दुप्पटच येतात.

बाहेरचा रेटणारा अचानक बाजूला झाला की काय होतं, ते एका पेशंटवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. अक्कलकोट रोडच्या बाजूचा यंत्रमाग कामगार, स्कूटरवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशन नीट झालं. दारूबद्दल विचारलं तर घरच्यांनी हात झटकले. पहिल्या रात्री झोप नाही, हाताला कंप, नाडी 120. वेदनेमुळे असेल असं सगळ्यांनी धरलं. तिसऱ्या रात्री मला बोलावलं तेव्हा तो पलंगावर बसून चादरीच्या काठाचे धागे ओढत होता, दोन टोकं बोटांत धरून गाठ मारत होता आणि «कांडी संपली, माग थांबव» म्हणून ओरडत होता. घामाने बनियन ओलं. घरचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलंय. त्याची बायको मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, «रोज घेतात ओ, पण त्यांना कधी चढलीच न्हाई, डॉक्टर.»

त्या एका वाक्यात निदान होतं. दारू काही तासांत रक्तातून जाते, पण मेंदूची बदललेली केंद्रं जागेवर यायला दिवस लागतात. मधल्या काळात ग्लुटामेट मोकाट असतं. सहा-आठ तासांत कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि काहींना दोन-तीन दिवसांनी असा भ्रम होतो. उपचार नाही झाले तर तो जीवही घेतो. आम्ही गाबाला जोर देणारं लोराझेपाम सुरू केलं आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-1 ची इंजेक्शनं दिली. चार-पाच दिवसांत तो माणसात आला. मागाचं काहीच त्याला आठवत नव्हतं.

तुमचं असंच होईल असं मी म्हणत नाही. नुसती कपॅसिटी वाढली म्हणून व्यसन ठरत नाही. निदानाच्या यादीत 11 लक्षणं असतात, वर्षभरात दोन जुळली तरी सौम्य आजार धरतात, आणि त्यातलं एक तुम्ही स्वतःच लिहून दिलंय. दुसरं सकाळी बघा. तुमची क्वार्टर पहाटे दोन ते चारच्या सुमारास रक्तातून संपते. त्याच वेळी झोप मोडून छाती धडधडते का? सकाळी चहाचा कप बशीवर वाजतो का? ड्राय डेला संध्याकाळी अंगाला घाम आणि चिडचिड? उतारा म्हणून सकाळी थोडी घ्यावी लागली आहे का?

यातलं काही होत असेल तर हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नका. तेवढं माझं ऐकाच. आठवडाभराच्या गोळ्या उतरत्या मापाने घेऊन ती सुरक्षित सोडवता येते. ज्याला आधी फिट आली आहे, त्याला भरती करावं लागतं. आणि महिनाभर सुटल्यावर पुन्हा बसलात तर क्वार्टरपासून सुरू करू नका. तोवर मेंदूने रेटा काढून घेतलेला असतो, आणि जुनं माप नव्या माणसासारखं चढतं.

यायचं ठरवलंत तर बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन या. वहिनींनाही आणा. रोज किती होते, याचा आकडा त्यांच्याकडून बहुधा जास्त खरा मिळतो.