परदेशातून : खांड कुणाची, कागद कुणाचा

«तालुक्याच्या बांधकाम उपविभागात आहे. खाडीचा बांध फुटल्याचा अर्ज वरून आमच्याकडे मार्क होऊन आलाय. बांध आमचा नाही. परत पाठवला तर गाव म्हणणार टोलवला, ठेवला तर तो इथेच पडून राहणार. कुणाला न दुखावता परत कसा करायचा?» — एक कनिष्ठ अभियंता, खारेपाट

आधी पंचांग बघा. खारबांधाला गेलेली खांड भांगात बुजवायची असते, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, भरतीला जोर नसतो तेव्हा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आलं की पाणी त्याच वाटेनं आत येतं, ओहोटीला वेगानं बाहेर पडतं आणि जाताना बांधाच्या कडा खात जातं. दोन मीटरची खांड पुढच्या उधाणानंतर दोन मीटरची राहत नाही.

आता कागदाचा हिशेब. सरकारी टेबलावर फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडू नये, असं 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो. अर्ज कृष्ण चतुर्थीला तुमच्याकडे आला आणि तुम्ही हे सातही दिवस वापरलेत, तर मधला शनिवार-रविवार धरून कागद त्रयोदशीला सुटतो. भांग निघून गेलेला, अमावास्या दोन दिवसांवर. कायदा पाळला गेला आणि शेतात खारं पाणीही शिरलं. म्हणून असा अर्ज परत करायचा तो आला त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी.

गावात या विषयावर वाद रंगतो तेव्हा ग्रामपंचायतीचे अधिकारी ठामपणे सांगतात, «चुकीच्या ऑफिसला आलेला अर्ज पाच दिवसांत पुढे पाठवायचाच, कायदा आहे.» अर्धं खरं आहे. पाच दिवसांची मुदत माहिती अधिकाराच्या कलम 6(3) मध्ये आहे, आणि ती माहिती मागणाऱ्या अर्जापुरती. फुटलेल्या बांधाच्या अर्जाला ती लागू होत नाही. पण त्या कलमातली दुसरी गोष्ट उचलण्यासारखी आहे: अर्ज कुठे पाठवला ते अर्जदाराला लगेच कळवायचं. टोलवल्याचा आरोप बहुतेक वेळा कागद गेल्यामुळे होत नाही, तो कुठे गेला हे न कळल्यामुळे होतो.

लिहिण्याआधी फोन. सरकारी योजनेतले खारबांध सांभाळणाऱ्या खारभूमीच्या उपविभागाला एवढंच विचारायचं: हा बांध तुमच्या योजनेत आहे का, आणि कागद कुणाच्या नावे पाठवू? दरम्यान ओहोटीला एक फोटो घ्यावा, टेपनं खांडीची लांबी मोजावी, गट क्रमांक लिहावा. काम कुणाचंही ठरलं तरी ही माहिती लागणारच. इथे थांबावं. «दोन डंपर मुरूम टाकून द्या, माणुसकी म्हणून» असं सांगणारे भेटतील. खारबांध चिकणमातीचा असतो, बाहेरून दगडाची पिचिंग. सुटा मुरूम पहिल्याच उधाणात धुऊन जातो, वर लेखापरीक्षणात प्रश्न येतो की बांध तुमचा नव्हता तर खर्च कुठल्या हेडखाली टाकला.

अर्ज मात्र नीट, शेवटपर्यंत वाचा. बऱ्याचदा खालच्या ओळीत लिहिलेलं असतं की रस्त्याखालची मोरी तुंबलीय, पाणी तिथून बाहेर पडत नाही. रस्ता तुमच्याकडचा असेल तर मोरी तुमची. तेवढा भाग ठेवून घ्यायचा, उरलेला पाठवायचा, आणि हे दोन्ही पत्रात लिहायचं. सगळाच अर्ज परत गेला तर मोरी कुणाकडेच राहत नाही.

पत्र असं लिहिता येईल:

«गट क्रमांक … लगत खाडीकडील बांधाला सुमारे सहा मीटरची खांड गेली आहे. हा बांध या उपविभागाकडील कामांत नाही. तो खारभूमी योजनेतील असल्याचे अर्जदार सांगतात. त्याची खात्री आम्ही केलेली नाही. मूळ अर्ज व छायाचित्र सोबत. येत्या अमावास्येपूर्वी पाहणी व्हावी, ही विनंती. रस्त्याखालील मोरीचे काम आम्ही पाहत आहोत. आपण स्वीकारल्याचे कळेपर्यंत अर्ज आमच्या नोंदवहीत प्रलंबित राहील.»

मूळ कागद एकाच कार्यालयाला, तो कार्यवाहीस्तव. ज्यांनी तुमच्याकडे मार्क केला त्यांना आणि अर्जदाराला प्रती, त्या माहितीस्तव. हे उलटसुलट झालं, किंवा तिघांनाही नुसतं «योग्य त्या कार्यवाहीसाठी» गेलं, की प्रत्येक जण समजतो मूळ कागद दुसऱ्याकडे आहे. आणि शेवटचं वाक्य गाळू नका. «या कार्यालयाशी संबंधित नाही, सबब परत» या शेऱ्यात उद्धटपणापेक्षा मोठा दोष आहे: तो लिहिताच तुमच्या वहीतली नोंद बंद होते, पलीकडे ती अजून उघडलेली नसते. मधल्या काळात अर्ज कुणाचाच नसतो.

नेदरलँड्समध्ये, जिथून हे लिहितोय, 1994 पासूनचा प्रशासन कायदा सांगतो की उघडउघड दुसऱ्या कार्यालयाचा असलेला कागद ज्याच्याकडे आला त्यानं तो लगेच त्या कार्यालयाकडे पाठवावा आणि अर्जदाराला त्याच वेळी कळवावं. निर्णयावरचा आक्षेप चुकीच्या कार्यालयात आला तर मिळाल्याची तारीख त्यावर टाकतात आणि मुदत मोजताना तीच तारीख धरतात, योग्य कार्यालयात पोचल्याची नव्हे. गावी बैठकीत हे सांगितलं की एक मावशी हमखास विचारतात, त्यांचं वीजबिल अजून सासऱ्यांच्या नावावर येतं, ते तिकडच्या कायद्यानं बदलेल का. नाही बदलणार, मावशी. त्याला वेगळा अर्ज लागतो.

तिकडचं सगळं सरस असंही नाही. «उघडउघड» या शब्दात अडकलेले कागद तिथेही फिरतात. मला खरा फरक नोंदवहीत दिसतो. तिथल्या जलमंडळाकडे कुठला बांध, कुठला कालवा कुणी सांभाळायचा याची अधिकृत यादी असते, म्हणून कुणाचं काम हे ठरवायला स्वभावाची परीक्षा द्यावी लागत नाही. आपल्याकडे खारभूमीच्या शासकीय योजना आहेत आणि खासगी बांधही आहेत. बाहेरून बघून फरक कळत नाही.

खारभूमीतून निवृत्त झालेले एक शाखा अभियंता इथेच अडवतात. «बांध खासगी निघाला तर आम्हीही परत पाठवणार. मग?» शेजारच्या जर्मनीत अपंगांच्या पुनर्वसनाच्या अर्जांसाठी यावर कडक नियम आहे: पहिल्या कार्यालयानं दोन आठवड्यांत अर्ज आपला नाही हे ठरवून पुढे द्यायचा, आणि दुसऱ्यानं सहसा परत फिरवायचा नाही, काम करायचं, पैशांचा हिशेब नंतर आपसात. मला हा नियम बांधालाही हवासा वाटतो. निवृत्त साहेबांना नाही. «ज्या बांधाला निधीच नाही त्यावर सही कोण करणार? आणि सही केली तर पुढच्या वर्षी प्रत्येक खासगी बांध आमच्याकडे येईल.» त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे उत्तर नाही. अशा वेळी कागद ज्यांनी मार्क केला त्यांच्याकडेच परत न्यावा लागतो, दोन्ही कार्यालयांचे नकार एकत्र जोडून, आणि नवमी उलटण्याआधी.