खुलासा: क्रियापद पुढे आणणं ही जगाची रीत नाही

“प्रश्न विचारताना इंग्रजीसारखं क्रियापद पुढे आणणं हीच जगातली नॉर्मल पद्धत, मराठीत नुसतं शेवटी ‘का’ चिकटवतात.”

अहो, उलटंय. भाषाशास्त्रज्ञ मॅथ्यू ड्रायर यांनी 955 भाषांमधले हो-नाही प्रश्न तपासले, त्यात 585 भाषा ‘का’सारखा छोटा शब्द लावतात, 173 फक्त सूर बदलतात आणि शब्दांची जागा बदलणाऱ्या भाषा निघाल्या फक्त 13, त्यातही बऱ्याच युरोपातल्या.

आणि ‘का’ नुसता चिकटवलेला नाहीये, त्याची जागाच अर्थ ठरवते. “तो राजवाड्याला गेला का?” याचं उत्तर हो किंवा नाही. “तो राजवाड्याला का गेला?” इथे तोच ‘का’ क्रियापदाच्या आधी आला की कारण सांगावं लागतं. आपण इंदूरवाले दिवसभर हिंदीत बोलतो, तिथे “क्या वो गया?” मध्ये क्या आधी येतो, म्हणून घरी मुलं मराठीतही ‘काय’ सुरुवातीला टाकतात, तेव्हा हा फरक त्यांना नक्की दाखवा. घाईत आपण ‘का’ गाळून “जेवलास?” एवढंच म्हणतो, तिथे चढता सूर काम करतो, पण मेसेजमध्ये सूर ऐकू येत नाही, तिथे प्रश्नचिन्ह तरी टाकाच.