Q @ R जुळलं, पण काटकोन?

प्रतिक्रिया: "ग्रॅम-श्मिटची पुस्तकातली पद्धत संगणकावर वापरू नका, 'सुधारित' पद्धत घ्या, असं तुम्ही लिहिता. कागदावर दोन्ही एकच आहेत हेही तुम्हीच कबूल करता. मी पुस्तकी पद्धतीचा कोड चालवून पाहिला. `Q @ R` मूळ मॅट्रिक्सशी तंतोतंत जुळलं. मग एवढा बाऊ कशाला?"

उत्तर: तुम्ही तपासलंत हे छान, पण जे तपासलंत ते बिघडतच नाही. ही पद्धत मॅट्रिक्सच्या स्तंभांतून एकमेकांना काटकोनात असलेले, एक लांबीचे सदिश बनवते; ते Q चे स्तंभ. सदिशातून जेवढं वजा करतो तेवढंच आपण R मध्ये टिपून ठेवतो. खर्च आणि शिल्लक एकाच वहीत मांडली की बेरीज जुळायचीच. पैसा योग्य जागी गेला का, हे त्या बेरजेवरून कळत नाही. काटकोन पाहायचा तर `Q.T @ Q` काढा: कर्णावर 1 आणि बाकी सगळीकडे 0 यायला हवं.

आणि त्यासाठी मॅट्रिक्सही जरा खट्याळ घ्या. लॉइक्ली यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे उदाहरण हाताने करता येतं. e = 1e-8 धरा:

```
a1 = (1, e, 0, 0)
a2 = (1, 0, e, 0)
a3 = (1, 0, 0, e)
```

तिन्ही सदिश जवळजवळ एकाच दिशेला आहेत. a1 ची लांबी √(1+e²), पण e² म्हणजे 1e-16, आणि डबलमध्ये, म्हणजे सुमारे सोळा अंकांच्या अचूकतेत, 1 + 1e-16 हे 1 च राहतं. म्हणून q1 = a1. सगळी मेख या गिळलेल्या e² मध्ये आहे. a2 मधून q1 वजा केला की (0, −e, e, 0) उरतो, म्हणजे q2 = (0, −1, 1, 0)/√2. आता a3. पुस्तकी पद्धत q2 वरचा प्रक्षेप मूळ a3 चा घेते, आणि तो शून्य येतो. त्यामुळे फक्त q1 वजा होतो, (0, −e, 0, e) उरतो आणि q3 = (0, −1, 0, 1)/√2. आता q2 आणि q3 चा गुणाकार करून पाहा: 1/2. नव्वद अंश हवे होते, आले साठ! आणि गंमत म्हणजे `Q @ R` इथेही जुळतं.

सुधारित पद्धतीत फरक एका शब्दाचा:

```python
for i in range(j):
    R[i, j] = Q[:, i] @ A[:, j]   # सुधारित: Q[:, i] @ v
    v -= R[i, j] * Q[:, i]
```

प्रक्षेप मूळ स्तंभाचा नाही, तर आत्तापर्यंत वजाबाकी करून उरलेल्या v चा. q1 वजा केल्यावर v = (0, −e, 0, e), आणि त्याचा q2 वरचा प्रक्षेप e/√2 येतो. तोही काढला की q3 = (0, −1, −1, 2)/√6, जो q2 ला लंब आहे. पहिल्या वजाबाकीत झालेली चूक v मध्ये शिल्लक असते, म्हणून पुढच्या पायरीला ती दिसते. मूळ a3 कडे पाहणाऱ्याला ती दिसायचं कारणच नाही.

तुमच्या मॅट्रिक्समधले सदिश एकमेकांपासून चांगले फाकलेले असतील, तर दोन्ही पद्धतींत `Q.T @ Q` ठीकच येईल. तिथे बाऊ नकोच, हे मान्य.

आता माझी चूक. सुधारित पद्धत घेतली की काम झालं, असं मी लेखात सुचवलं होतं. ते खरं नाही. याच मॅट्रिक्सवर b = a1 + a2 + a3 = (3, e, e, e) घेऊन लीस्ट स्क्वेअर्स सोडवा, म्हणजे `A @ x` ला b च्या सर्वांत जवळ नेणारा x शोधा. उत्तर (1, 1, 1) यायला हवं. पण सुधारित पद्धतीच्या Q ने `Q.T @ b` काढलं तर (3, 0, 0) येतं, आणि मग x सुद्धा (3, 0, 0). पुस्तकी पद्धतही हेच देते. कारण सुधारित पद्धतीतही q1 आणि q2 चा गुणाकार −e/√2 आहे, अगदी शून्य नाही, आणि R मध्ये e एवढ्या लहान कर्णावरच्या संख्येने भागताना तेवढीही कसर पुरून उरते.

उपाय असा, की `Q.T @ b` काढायचंच नाही. b हा मॅट्रिक्सचा चौथा स्तंभ समजायचा आणि त्यालाही तीच वजाबाकी लावायची. आधी 3 मिळतात, b मधून 3·q1 काढल्यावर (0, −2e, e, e) उरतो, त्याचा q2 वरचा प्रक्षेप 3e/√2, मग q3 वरचा 3e/√6. हे आकडे R मध्ये खालून वर सोडवत गेलं की x3 = 1, x2 = 1, x1 = 1. ही सुधारित पद्धत लीस्ट स्क्वेअर्ससाठी का चालते, याचं विश्लेषण ब्यर्क यांनी १९६७ मध्ये केलं होतं. मी ते वाचूनही हा भाग लेखात गाळला होता.

Q स्वतःच हवा असेल, तर दुसरा मार्ग आहे: प्रत्येक v वर वजाबाकीची फेरी दोनदा चालवा. इथे दुसऱ्या फेरीत तो गिळलेला e² परत येतो, q2 चा पहिला घटक 0 ऐवजी e/√2 होतो, आणि मग `Q.T @ b` सुद्धा बरोबर येतं. काम दुप्पट होतं, एवढंच. `np.linalg.qr` यातलं काहीच करत नाही, ते हाउसहोल्डरचे परावर्तन वापरतं. म्हणून तुमच्या कोडची त्याच्याशी तुलना केलीत तर काही चिन्हं उलटी दिसू शकतात, त्याने दचकू नका.

लेखातला तो परिच्छेद आज दुरुस्त केला आहे.