पिशवीतला पाऊस

जलचक्राचा धडा आमच्या चौथीच्या वर्गात श्रावणात आला. बाहेर खराखुरा पाऊस पडत होता आणि मला मात्र तो प्लॅस्टिकच्या पिशवीत पाडून दाखवायचा होता. प्रशिक्षणात फार सोपं वाटलं होतं. झिपवाली पारदर्शक पिशवी घ्यायची, तिच्यावर मार्करने वर सूर्य आणि ढग काढायचे, तळाशी निळं पाणी घालायचं, झिप लावून पिशवी उन्हाच्या खिडकीला चिकटवायची. उन्हाने पाण्याची वाफ होते, ती वरच्या थंड प्लॅस्टिकला लागून थेंब बनते, थेंब जड झाले की ओघळून परत खाली येतात. समुद्र, ढग, पाऊस, सगळं एका पिशवीत.

पहिल्या दिवशी मी उत्साहाने पेलाभर पाणी घातलं आणि निळीचे चार थेंब टाकले. आमच्या खिडकीला काच नाही, गज आहेत, म्हणून पिशवी शेजारच्या भिंतीला चिकटपट्टीने लावली. भिंतीला चुना. चिकटपट्टीने भिंतीचा पापुद्रा सोडवला आणि समुद्र थेट हजेरीपटावर आला. त्या महिन्याची हजेरी अजून निळसर आहे.

दुसऱ्या खेपेला पाणी चारच चमचे घेतलं आणि पिशवी दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवली. दोन मिनिटांत आतल्या बाजूला थेंबच थेंब! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही फळ्यावर ‘सांद्रीभवन’ लिहायला घेतलं, तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, थेंब निळे आहेत.”

खडू तिथेच थांबला. वाफ होताना पाणी वर जातं, रंग खालीच राहतो, त्यामुळे खरा थेंब बिनरंगीच हवा. हे निळे थेंब म्हणजे पिशवी लटकवताना मीच हिंदकळवलेलं पाणी. शिवाय आभाळ भरलेलं, दोन मिनिटांत कसली वाफ होतेय? पाऊस शिकवायला ऊन लागतं आणि पावसाळ्यात तेच नसतं, ही अडचण प्रशिक्षणात कुणी सांगितली नव्हती. टाळ्या परत घ्यायची सोय नसते, म्हणून मी पोरांना शुद्धलेखन दिलं.

ऊन मिळालं ते थेट घटस्थापनेनंतर. या वेळी पिशवीच्या तोंडात नरसाळं धरून पाणी अलगद सोडलं, बाजू कोरड्या राहिल्याची खात्री केली, पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ मारली आणि पिशवी दक्षिणेच्या खिडकीत लटकवली. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या भागात धुकं धरलं. मधल्या सुट्टीपर्यंत त्याचे मोहरीएवढे थेंब झाले, खिचडी खाऊन पोरं परतली तेव्हा दोन थेंब एकमेकांत मिसळून घरंगळत खाली गेले. आणि ते स्वच्छ होते. निळीचा मागमूस नाही.

“म्हणून पाऊस खारट नसतो होय, बाई?” पहिल्या बाकावरची तीच मुलगी. मी तिला म्हटलं, “बरोबर, मीठसुद्धा या निळीसारखं समुद्रातच राहतं.” मला वाटलं, संपला धडा.

कुठला संपतोय! मागच्या बाकावरून आवाज आला, “पण ढग कुठंय? हा तर पिशवीच्या भिंतीवर पाऊस झाला.” त्याचं खरंच होतं. आभाळात भिंत नसते, तिथे वाफ धुळीच्या, मिठाच्या बारीक कणांवर जमते. पिशवीत ते काम प्लॅस्टिक करतं. मी काढलेला मार्करचा ढग केवळ शोभेचा, त्यावर थेंब येवो न येवो. जमिनीत मुरणारं पाणीही या पिशवीत नाही. विहिरीचं काय, असं कुणी विचारायच्या आत मी घंटेकडे पाहिलं.

दसऱ्याच्या आधी केंद्रप्रमुख आले. दोरीवरची पिशवी पाहून त्यांनी कौतुकाने हातात घेतली, “यात काय आहे?” म्हणत झिप उघडली आणि वास घेतला. वर्गात सुतकी शांतता. शेवटी एकजण हळूच म्हणाला, “साहेबांनी जलचक्र फोडलं.” साहेबांनी ओशाळून पिशवी परत लटकवली, झिप मात्र तशीच उघडी राहिली. सुट्टीच्या गडबडीत माझंही लक्ष गेलं नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली तर रेघेपर्यंतचं पाणी गायब, तळाला नुसता निळा डाग. बंद होती तोवर पाण्याने रेघ सोडली नव्हती, उघडी राहिली आणि सगळं उडून गेलं. मी न ठरवलेला हा प्रयोग माझ्या सगळ्या प्रयोगांपेक्षा नीट झाला होता.

“बाई, मग आपलं पाणी आता कुठं पडंल?”

मी वारा, ढग अशी सुरुवात करणार, तेवढ्यात मागच्या बाकाने उत्तर देऊन टाकलं, “पलीकडच्या गावात. दरसाल तिकडंच पडतंय.”