रेषा आल्या की क्लीनिंग मारत सुटू नका, आधी नोझल चेकचा कागद वाचा

"प्रिंटवर पांढऱ्या रेषा यायला लागल्या की घाबरू नका. हेड क्लीनिंग सलग पाच-सहा वेळा मारा, गरज पडली तर दहा वेळा. तरी नाही गेलं तर अलाइनमेंट करा. त्यानंही नाही झालं तर कार्ट्रिज गेलं समजा, नवीन टाका. नोझल चेक म्हणजे नुसता कागद वाया. सगळ्यांना पाठवा."

सांगली-मिरजेच्या झेरॉक्सवाल्यांच्या आणि सेतूवाल्यांच्या ग्रुपवर हे सारखं फिरतंय. माझ्याकडं रिपेरीला येणारे बरेच प्रिंटर हेच सगळं करून आलेले असतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतो, आणि सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे.

नोझल चेकला एक कागद लागतो, पाठकोरा असला तरी चालतो, आणि शाई अगदी नावापुरती जाते. एका क्लीनिंगला त्याच्या कितीतरी पट शाई जाते. त्या कागदावर ज्या बारीक बारीक पायऱ्या-पायऱ्यांच्या रेघा येतात त्या डिझाइन म्हणून दिलेल्या नाहीत, एप्सनच्या टँक प्रिंटरमधे तिथली एकेक छोटी रेघ म्हणजे हेडचं एकेक नोझल आहे. एल ३११० घ्या, काळ्याला १८० नोझल आणि निळा, गुलाबी, पिवळा यांना प्रत्येकी ५९. म्हणजे कुठलं छिद्र शाई टाकतंय आणि कुठलं नाही हे प्रिंटर तुम्हाला लिहून देतोय, आणि आपण तो कागद चुरगळून टाकतोय. कॅननचा नमुना वेगळा दिसतो, काळ्याची जाळी आणि रंगांचे भरीव पट्टे असतात, तिथं जाळीतली तुटलेली रेघ किंवा पट्ट्यातली पांढरी चीर शोधायची. बाकी वाचायची पद्धत तीच.

फक्त एक कागद काढून थांबू नका. मधे क्लीनिंग न करता लागोपाठ दोन नोझल चेक काढा आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. दोन्ही कागदांवर गॅप त्याच ठिकाणी आहेत की जागा बदलतायत, माझ्या मते सगळं निदान याच्यातच आहे. जागेवरच असले तर त्या नोझलमधे शाई सुकली आहे आणि तिथं क्लीनिंगचा उपयोग होतो. पण पहिल्या कागदावर वरच्या बाजूला गॅप, दुसऱ्यावर मधे, तिसऱ्यावर भलतीकडंच, असं असलं तर छिद्र तुंबलेलं नाही, शाईच नीट पोचत नाहीये नाहीतर नळीत-हेडमधे हवा शिरलीय. अशा वेळी क्लीनिंग मारलं की आणखी बिघडतं.

पिवळा मात्र असा दिसत नाही, पांढऱ्या कागदावर डोळे फोडून बघितलं तरी गॅप सुटून जातो. मोबाईलवर पूर्ण निळा फोटो उघडा, ब्राइटनेस फुल करा, खोलीत अंधार करून तो उजेड कागदावर पाडा, पिवळ्या रेघा काळपट दिसतात आणि तुटलेली जागा लगेच कळते.

आता सलग क्लीनिंगचं. क्लीनिंग म्हणजे हेड कॅपवर जाऊन बसतं आणि खालचा पंप नोझलमधून शाई ओढून काढतो. ती शाई आतल्या वेस्ट इंक पॅडमधे जाते, आणि प्रिंटर प्रत्येक वेळचा हिशोब ठेवतो, पॅड भरलं असं त्याला वाटलं की मशीन काम बंद करतं. म्हणजे रेषा काढायच्या नादात पॅड बदलायची वेळ लवकर आणता. त्यात टँकमधे शाई तळाला असेल तर ग्लासात थोडाच रस उरल्यावर स्ट्रॉनं ओढला की जशी हवा येते तसंच होतं, पंप शाईबरोबर हवाही ओढतो.

विश्रामबागला एकजण सेतू चालवतात, गेल्या जूनमधे दाखल्यांच्या गर्दीत त्यांचा फोन आला. "भाऊ, आधी काळ्यात चारच गॅप होते, मी आठ वेळा क्लीनिंग मारलं तर आता अर्धा ब्लॉकच गेला, हेड जळलं का?" म्हटलं आधी काढलेले कागद आहेत का. नशिबानं कचऱ्याच्या डब्यात सापडले. ते क्रमानं लावले तर प्रत्येक कागदावर गॅप दुसऱ्याच जागी, आणि गॅपची संख्या वाढत गेलेली. टँककडं बघितलं तर काळा खालच्या खुणेच्याही खाली. स्क्रीनवर शाई दिसत होती म्हणून त्यांनी टँक बघितलाच नव्हता, पण या मशीनमधला स्क्रीनवरचा आकडा हा अंदाज असतो, टँक डोळ्यानंच बघायचा.

काय केलं, तर काळा वरच्या खुणेपर्यंत भरला आणि क्लीनिंग एकदम बंद. प्रिंटर त्याच्या बटणानं बंद केला, बोर्डाच्या स्विचनं नाही. बटणानं बंद केला की हेड कॅपवर जाऊन झाकलं जातं, बोर्डावरून बंद केला तर ते उघडंच राहू शकतं, आणि सांगलीच्या मे महिन्यात उघड्या हेडवर शाई सुकायला फार वेळ लागत नाही. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी क्लीनिंग न करता आधी नुसता नोझल चेक काढला तर निम्म्याच्या वर गॅप आपोआप भरलेले, कारण बुडबुडे वर निघून गेले होते. राहिलेले गॅप पुढच्या कागदावर पण त्याच जागी होते, म्हणजे आता ते खरं तुंबणं. मग एक क्लीनिंग, चेक, दोन गॅप उरले. आणखी एक क्लीनिंग, चेक, साफ. आठ क्लीनिंगनं जे बिघडलं ते दोन क्लीनिंग आणि एका रात्रीत बसलं.

एप्सन पण मॅन्युअलमधे हेच सांगते, चेक आणि क्लीनिंग असं तीनदा करून फरक नाही पडला तर किमान १२ तास प्रिंट न काढता थांबा. पॉवर क्लीनिंग हा त्याच्या पुढचा उपाय, त्याला टँक निदान एक तृतीयांश भरलेला लागतो आणि दोन पॉवर क्लीनिंगमधे १२ तासांचं अंतर लागतं. क्लीनिंगनंतर चेक काढायचाच. गॅप कमी होतायत तोवर पुढं जा, तेवढेच राहिले किंवा वाढले तर थांबा.

आख्खा रंगच गायब असेल तर क्लीनिंगच्या आधी टँक रिकामा आहे का बघा, आणि काही जुन्या टँक मॉडेलला बाजूला ट्रान्सपोर्ट लॉकची कळ असते ती प्रिंटच्या बाजूला आहे ना तेवढं बघा.

नोझल बंद पडल्यानं आलेल्या पांढऱ्या रेषांचा आणि अलाइनमेंटचा तर संबंधच नाही. अलाइनमेंट न येणारी शाई आणू शकत नाही, ती फक्त येणारा थेंब योग्य जागी पाडते. अलाइनमेंट बिघडल्याची खूण वेगळी असते, नोझल चेक पूर्ण भरलेला असतो, पण दाखल्यावरच्या चौकटीच्या उभ्या रेघा नागमोडी किंवा दुहेरी येतात, बारीक अक्षराला सावली दिसते. हेड जाताना आणि येताना दोन्हीकडून छापतं, त्या दोन फेऱ्या जुळत नाहीत म्हणून असं होतं. खात्री करायची असेल तर सेटिंगमधे दोन्ही बाजूंनी छापायचा पर्याय बंद करून (हाय स्पीड किंवा बायडायरेक्शनल असं काहीतरी लिहिलेलं असतं) तेच पान परत काढा. उभी रेघ सरळ आली तर अलाइनमेंटच करायचीय, वाकडीच राहिली तर नाही.

आणि नोझल तुटलेली असताना अलाइनमेंट करणं हे नुकसानीचंच काम आहे. त्या कागदावरच्या चौकोनांपैकी सगळ्यात भरीव कुठला तो नंबर द्यायचा असतो, आता चौकोनात आधीच नोझलचे गॅप असले तर भरीव कुठला ते कळणार कसं, माणूस चुकीचा नंबर टाकतो. सेतूवाल्यांनी तेच केलं होतं, त्यामुळं काळा साफ झाल्यावरही दाखल्याची चौकट वाकडी यायला लागली. नोझल साफ असताना परत अलाइनमेंट केली, बरोबर नंबर निवडले, एका प्रयत्नात रेघ सरळ.

राहिलं कार्ट्रिज. टँकवाल्या एप्सनमधे बदलायला कार्ट्रिज नसतंच, हेड मशीनमधे बसवलेलं असतं, त्यामुळं "कार्ट्रिज टाका" हे त्यांना लागूच नाही. एचपीचं ८०३ किंवा ६८० घ्या, त्यात मात्र हेड कार्ट्रिजवरच असतं, म्हणजे नवीन कार्ट्रिज म्हणजे नवीन हेड, तिथं बदलणं हा खरा उपाय आहे, पण टाकून द्यायच्या आधी पाच मिनिटांची परीक्षा करा. इन्व्हर्टरला घालतो ते डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं ॲसिड चुकून घेऊ नका) कोमट करून टिश्यू ओला करा, पिळा, आणि कार्ट्रिजची तांबड्या-सोनेरी पट्टीखालची नोझलची बाजू त्याच्यावर थोडा वेळ अलगद टेकवून ठेवा. घासू नका, पट्टीला बोट लावू नका. रंगीत कार्ट्रिज असेल तर टिश्यूवर निळा, गुलाबी, पिवळा असे तीन पट्टे उमटले पाहिजेत. एखादा पट्टा उमटलाच नाही तर त्या कप्प्यातली शाई संपलीय किंवा नोझल पूर्ण सुकलंय, परत एकदा भिजवून बघा, तरीही नाही तर रिफिल करा किंवा बदला. पण तिन्ही पट्टे ठळक उमटतायत आणि तरीही नोझल चेकमधे गॅप दर वेळी त्याच जागी, तर शाई आहे, वाट मोकळी आहे, फक्त त्या नोझलमधली शाई तापवून थेंब उडवणारा हीटर काम करत नाही. शाई संपल्यावरही प्रिंट काढत राहिलं की ते छोटे हीटर कोरडे तापून जळतात. आधी कार्ट्रिजचे आणि मशीनमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट कोरड्या स्वच्छ कापडानं पुसून परत बसवा, कधीकधी तेवढ्यानंच चालू होतं. नाही झालं तर तिथं क्लीनिंगनं काहीही होणार नाही, नवीन घ्या.

आणि नुसता मजकूर काढणाऱ्यांनी काळ्यातला एखादा कायमचा गॅप बघून कार्ट्रिज किंवा हेड बदलायला निघू नये, १८० मधलं एक नोझल गेलं तर दाखल्यावर काही दिसत नाही, फोटो काढणाऱ्यानं मात्र रंगांतला गॅप मनावर घ्यावा, आकाशाच्या पट्ट्यात त्याची रेघ लगेच उमटते.